नाव असं हवं, जे मूल मित्राला सांगेल

प्रश्न: मी पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी घरीच गणिताची शिकवणी सुरू करते आहे. नाव ऐकून मुलांच्या पोटात गोळा येऊ नये, उलट यावंसं वाटावं. ‘गणिताची भीती पळवा’, ‘गणित झालं सोपं’, ‘गणित मस्ती’ आणि ‘मॅथ्स जीनियस’ अशी चार नावं डोक्यात आहेत. यातलं कोणतं ठेवू? की दुसरं काही सुचवाल?

उत्तर:

या चारांपैकी एकही ठेवू नका, असं मी सांगेन. नावं वाईट नाहीत, पण चारही मोठ्या माणसाच्या तोंडची आहेत, आणि शिकवणीचं नाव दिवसातून सर्वांत जास्त वेळा उच्चारणार ते मूल. तेवीस वर्षं या वयाच्या मुलांना गणित शिकवताना आणि नव्या शिक्षकांना त्यांच्या शिकवण्या सुरू करून देताना नावांचे बरेच प्रयोग मी जवळून पाहिले आहेत. त्यातला एक तुमच्याच इयत्तांचा आहे, तो पुढे सविस्तर सांगते. आधी तुमची नावं मुलाच्या कानाने ऐकून पाहू.

‘गणिताची भीती पळवा’ या नावात मुलाला ऐकू येतो तो शब्द म्हणजे ‘भीती’. ज्याला गणिताची भीती नव्हती, फक्त अपूर्णांक जमत नव्हते, त्यालाही या पाटीखालून आत जाताना कळतं की आपण घाबरणाऱ्यांत मोडतो. ‘गणित झालं सोपं’ त्याहून कठीण जातं. ज्याला गणित अवघड वाटतं त्याला हे नाव सांगतं, की हे सोपं आहे. मग न आल्यावर त्याच्याजवळ एकच अर्थ उरतो: सोपं असूनही मला येत नाही. ‘जीनियस’ हे पदक आहे, आणि पदक न मिळालेलं मूल त्या दारात अवघडतं. ‘गणित मस्ती’ निरुपद्रवी आहे, पण इंजेक्शनच्या आधी ‘काही दुखणार नाही’ असं म्हणतात, तसं ते मुलांना वाटतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाने हे वाक्य पुष्कळदा ऐकलेलं असतं.

नावाला एवढं महत्त्व का द्यायचं, तर गणिताच्या भीतीचा मोठा भाग गणित करताना नसतो, त्याच्या आधी असतो. २०१२ साली इयान लायन्स आणि सियान बायलॉक यांनी गणिताची धास्ती असणाऱ्या प्रौढांच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘आता गणित येणार आहे’ अशी खूण दिसली की या लोकांच्या मेंदूत वेदनेशी संबंधित भाग जास्त सक्रिय होत होते. प्रत्यक्ष गणित सोडवताना तसं दिसलं नाही. हा अभ्यास प्रौढांवरचा आहे, त्यामुळे तो मुलांना जसाच्या तसा लावू नये. पण वर्गात मी हेच पाहत आले आहे. पहिलं उदाहरण हातात घेईपर्यंत मूल आक्रसलेलं असतं, आणि एकदा पेन्सिल चालू लागली की खांदे सैल होतात. शिकवणीचं नाव म्हणजे ‘आता गणित येणार आहे’ ही खूणच असते. रोज संध्याकाळी ती घरात मोठ्याने उच्चारली जाते: ‘चल, अमक्याची वेळ झाली.’

माझ्या स्वतःच्या पहिल्या शिकवणीचं नाव ‘शतक’ होतं. मला वाटलं होतं, क्रिकेट आवडणाऱ्या मुलांना ते खेळातलं वाटेल. दोन महिन्यांनी एक सातवीचा मुलगा यायचा बंद झाला. त्याच्या आईशी बोलल्यावर कळलं, तो घरी म्हणाला होता, ‘मला बेचाळीस पडलेत, मी शतकला काय जाऊ?’ मुलांनी ते नाव क्रिकेटच्या मैदानावर ऐकलंच नव्हतं. गणिताच्या शेजारी शंभर आलं की मुलाला गुणपत्रिका दिसते. नाव मी बदललं, पण तो मुलगा परत आला नाही. त्या दिवसापासून नावाबद्दलचं माझं मत पक्कं झालं: नावाने मुलाला कोणत्याही मापाशेजारी उभं करू नये. सोपं-अवघड, हुशार-ढ, घाबरट-धीट, पैकीच्या पैकी, यातलं काहीही नावात आलं की मूल लगेच स्वतःला मोजायला लागतं.

मग नावात काय यावं? मी म्हणेन, गणितातलीच एखादी वस्तू किंवा कृती, जी मुलाने स्वतः हाताळलेली आहे. गणित लपवून त्यावर फुगे आणि चांदण्या लावायची गरज नसते. ‘जादूची दुनिया’ असं नाव ठेवून आत लसावि काढायला लावला, तर मुलाला फसवल्यासारखं वाटतं. उलट गणितातच असे शब्द आहेत, ज्यांच्याशी मुलांची मैत्री आधीपासून असते. ते शोधायचे.

इथे मराठीत शिकवणाऱ्याला थोडं सांभाळावंही लागतं, कारण आपले गणिती शब्द रोजच्या बोलण्यातही वावरतात. ‘पाय’ हे वर्तुळाचं सुंदर नातं, पण पाटीवर ‘पाय’ लिहिलं की लाथ आठवते. ‘बाकी’ला उधारीचा वास आहे. ‘भागाकार’ हा बऱ्याच मुलांचा पहिला पराभव असतो. ‘पाढे’ म्हटलं की म्हणून दाखवण्याची सक्ती डोळ्यांपुढे येते. शब्द कानाला कितीही गोड लागला तरी मुलांच्या आठवणीत तो कोणत्या प्रसंगाला चिकटला आहे, ते पाहायचं.

आता ते उदाहरण. एक तरुण शिक्षिका पाचवी ते आठवीसाठीच शिकवणी काढत होती आणि अकरा नावं लिहून माझ्याकडे आली. वरच्या कसोटीवर, म्हणजे मुलाला मापाशेजारी उभं करणारी नावं काढून टाकल्यावर, पाच उरली: ‘शून्य’, ‘हर्षद’, ‘६१७४’, ‘सुटलं’ आणि ‘हातचा एक’. पाचही चांगली होती. कागदावर बसून यातून निवड करता येत नाही, म्हणून आम्ही नऊ मुलांना बोलावलं. तीन पाचवीची, तीन सहावी-सातवीची, तीन आठवीची. त्यातलं एकही तिच्या शिकवणीत येणारं नव्हतं. हे मुद्दाम केलं, कारण स्वतःच्या बाईंना कोणतंही मूल नाव आवडलं नाही असं सांगत नाही.

‘आवडलं का?’ हा प्रश्न आम्ही एकदाही विचारला नाही. मुलं त्याला ‘हो’ म्हणतात आणि आपल्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी चार गोष्टी केल्या. आधी पाचही नावं एकदाच वाचून दाखवली, मग दहा मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि विचारलं, कोणती आठवतात? दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा. मग प्रत्येकाला कागद दिला: ‘या नावाच्या खोलीत आत काय चाललं असेल, ते काढ.’ तिसरं, दोघांना उभं करून एकाला विचारायला लावलं, ‘कुठे चाललास?’ आणि दुसऱ्याने नाव घालून उत्तर द्यायचं. शेवटी सर्वांत मोलाचा प्रश्न: ‘हे नाव घेऊन कुणाला चिडवायचं असेल तर काय म्हणशील?’ यात मुलं अर्ध्या मिनिटात जे शोधतात, ते आपण महिनाभर विचार करूनही शोधू शकत नाही. आणि ते शाळेच्या पटांगणात शोधलं जाण्याआधी आपल्या घरात शोधलेलं बरं.

‘शून्य’ पहिल्याच फेरीत गेलं. आठवीतल्या मुलीने क्षणात उत्तर दिलं, ‘शून्य मिळवायला चाललास का?’ ही चिडवाचिडवी थेट मुलाला गणित येण्या-न येण्यावर जाते, आणि जिथे असं होतं ते नाव, मागचा विचार कितीही खोल असला तरी, सोडून द्यावं.

‘हर्षद’वर माझा फार जीव होता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर या शाळाशिक्षकाने ज्या संख्यांना हे नाव दिलं, त्या अशा: संख्येतल्या अंकांची बेरीज करा, त्या बेरजेने मूळ संख्येला भागा, बाकी उरली नाही तर ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. १८ घ्या. एक आणि आठ नऊ, आणि नवाने अठराला भाग जातो. १२ही हर्षद आहे, ११ मात्र नाही. मुलांना गणित रंजक वाटावं असं नाव शोधणाऱ्यासाठी याहून योग्य शब्द कोणता? पण चित्रं आली तेव्हा चार मुलांनी एक उंच दादा काढला होता. कारण हर्षद हे मुलाचं नाव आहे, आणि त्यांना ती ‘हर्षद सरांची’ शिकवणी वाटली. नाव बाद झालं. हर्षद संख्या मात्र शिकवायला ठेवल्या, पाचवीतली मुलं शंभरपर्यंतच्या हर्षद शोधायला अजूनही तासभर बसतात.

‘६१७४’ हीसुद्धा कापरेकरांचीच देणगी. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठीतून छोटी वजा करा. उत्तरावर तेच पुन्हा करत राहा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि मग तिथेच राहतं. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८, आणि आलं ६१७४. या नावात एक ताकद आहे, जी बाकीच्या चारांत नव्हती. ते ऐकून दुसरं मूल विचारतं, ‘म्हणजे काय?’ आणि आपल्या मुलाला ते दाखवून देता येतं. गणितात मागे पडलेलं मूल मित्राला गणितातली करामत दाखवतं, हे एरवी कुठे घडतं?

पण त्याच्या दोन अडचणी निघाल्या. दुसऱ्या दिवशी नऊपैकी तिघांनाच आकडा बरोबर आठवला, बाकीच्यांचा ६१४७ किंवा ७१६४ झाला. ज्यांनी करामत स्वतः करून पाहिली होती ते तिघे चुकले नाहीत. म्हणजे हे नाव आत आलेल्यांसाठी पक्कं आहे, बाहेरून वाचणाऱ्यासाठी निसटतं. दुसरी अडचण हातून होणाऱ्या चुकांची. पाचवीतल्या एकाने १००० घेतली. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९. त्याने पुढचं शून्य सोडून दिलं आणि ९९९ मधून ९९९ वजा केले, आलं शून्य. तो म्हणाला, ‘माझं येतच नाही.’ ०९९९ असे चार अंक धरून चाललं की ९९९० वजा ०९९९ होतं आणि पाचव्या पायरीवर ६१७४ बरोबर मिळतं. हे समजावलं की मूल खूश होतं. पण शेजारी समजावणारं कुणी नसताना, घरी एकट्याने करताना नावानेच दगा दिला, तर ते त्याच्या मनाला लागतं.

‘सुटलं’ हे त्या शिक्षिकेचं सर्वांत आवडतं नाव होतं आणि मला त्याचं कारण पटत होतं. गणित सुटलं की मूल ओरडतं तोच हा शब्द. त्यात ‘मोकळं झालं’ हाही अर्थ आहे. चित्रंही सुरेख आली, वर फेकलेल्या वह्या, वर केलेले हात. पण तीन गोष्टी आडव्या आल्या. एक, मराठीत नावाला ‘ला’ आणि ‘त’ लागतात. ‘कुठे चाललास?’च्या खेळात मुलं ‘सुटलंला चाललो’ म्हणताना अडखळली आणि दोघांनी सरळ ‘क्लासला’ म्हटलं. ज्या नावाला विभक्ती नीट लागत नाही ते नाव मुलं आठवड्यात टाकून देतात. दुसरी, नकळत त्यांनी त्याचं ‘सुटलं का?’ केलं. ऐकायला एकच जास्तीचा शब्द, पण त्याने बोलणारा बदलतो. ‘सुटलं’ मूल म्हणतं, ‘सुटलं का?’ डोक्याशी उभे राहिलेले सर म्हणतात. तिसऱ्या गोष्टीने निर्णय झाला. चिडवण्याच्या फेरीत कुणीतरी ‘पोट सुटलं’ म्हणालं, सगळे हसले आणि सहावीतला एक जाडसर मुलगा खाली बघत राहिला. त्यानंतर त्या नावाबद्दल आम्ही पुढे काही बोललोच नाही.

उरलं ‘हातचा एक’. दहा मिनिटांनी आणि दुसऱ्या दिवशीही नऊच्या नऊ मुलांना ते आठवत होतं. कारण उघड आहे. दुसरी-तिसरीत बेरीज करताना बहुतेकांनी ते शेकडो वेळा पुटपुटलेलं असतं, बोट दुमडून किंवा पुढच्या अंकाच्या डोक्यावर छोटासा एक लिहून. या शब्दांशी हार जोडलेली नसते, कारण हातच्याची बेरीज ही बहुतेक मुलांना नक्की येणारी गोष्ट असते. चित्रांत बोटं होती, मुठी होत्या, एका मुलीने मुठीत लपवलेला काजवा काढला होता. अडचण आठवीच्या मुलांकडून आली. ‘हे दुसरीतलं आहे. छोट्यांचा क्लास वाटतो.’ आणि आठवीच्या मुलांचं या बाबतीत ऐकावंच लागतं. पाचवीतलं मूल मोठ्यांचं नाव आनंदाने घेतं, आठवीतलं मूल छोट्यांचं नाव घेत नाही. म्हणून नावाची पारख नेहमी सर्वांत वरच्या इयत्तेकडून सुरू करावी.

मग एका आठवीच्या मुलानेच वाट काढली. तो म्हणाला, ‘नुसतं हातचा ठेवा ना.’ ‘एक’ गेला आणि त्याबरोबर दुसरीच्या वर्गातलं ते पुटपुटणंही गेलं. आता त्यात हातात राखून ठेवलेल्या पत्त्याचा अर्थ आला, ऐन वेळी काढायची वस्तू. शिवाय ‘हा माझ्या हातचा मळ आहे’ हे आपण सहज जमणाऱ्या कामाला म्हणतो, त्यामुळे ‘सोपं’ हा शब्द न वापरता सोपेपणा नावात आपोआप आला. ‘कुठे चाललास?’ ‘हातच्याला.’ जीभ कुठे अडली नाही. चिडवायला सांगितल्यावर मुलांना ‘हात हलवत येतोस’ एवढंच सुचलं, आणि त्याने कुणाला काही झालं नाही.

या नावाच्या मर्यादाही सांगते, कारण ते उचलून तसंच लावावं असं माझं म्हणणं नाही. नवांपैकी दोन मुलं इंग्रजी माध्यमाची होती आणि त्यांना ‘हातचा’ माहीतच नव्हता. ती ‘कॅरी’ म्हणतात. समजावल्यावर त्यांना शब्द आवडला, पण जे नाव समजावून द्यावं लागतं त्यातली ओळखीची ऊब जाते. तुमच्याकडे निम्म्याहून जास्त मुलं इंग्रजी माध्यमातली येणार असतील, तर मी ‘हातचा’ सोडून ‘६१७४’चा पुन्हा विचार करेन. चार अंक सुटे म्हणायचे, ‘सहा एक सात चार’ किंवा ‘सिक्स वन सेव्हन फोर’, आणि पाटीवर आकड्याखाली करामत लिहायची, म्हणजे बाहेरून वाचणाऱ्यालाही आकडा पक्का बसतो. ‘एकसष्ट चौऱ्याहत्तर’ असं मात्र वाचायला लावू नका, चौऱ्याहत्तरपाशी आजकाल मराठी माध्यमातली मुलंही थबकतात. दुसरी मर्यादा पालकांच्या कानाची. ‘हातचं राखून’ म्हणजे पूर्ण जीव न लावता, असा अर्थ मोठ्यांच्या मनात असतो. एका आजोबांनी खरंच विचारलं, की हातचं राखून शिकवणार का? त्या शिक्षिकेने पाटीवर शब्दाच्या डोक्यावर, बेरजेत लिहितात तसा, छोटासा १ काढून घेतला. मग कुणी विचारलं नाही.

पालकांचा विषय निघालाच आहे तर हे सांगायला हवं. पालकांना पाटीवरून कळायला हवं की इथे गणित शिकवतात, कोणत्या इयत्तांचं आणि कोण शिकवतं. हे सगळं नावात कोंबायला गेलं की ‘अमुक गणित मार्गदर्शन अकादमी’ तयार होते, आणि ते नाव कोणतंही मूल मित्राला सांगत नाही. दोन ओळी करा. वरच्या ओळीत मुलांचं नाव, मोठ्या अक्षरात, एकटं. खालच्या ओळीत लहान अक्षरात ‘गणित, इयत्ता ५वी ते ८वी’ आणि तुमचं नाव. ‘क्लासेस’, ‘अकादमी’, ‘इन्स्टिट्यूट’ यातलं काही जोडायचंच असेल तर खालच्या ओळीत. वरच्या ओळीत ते आलं की मूल आधीचा शब्द गाळून ‘अकादमीला जातो’ म्हणतं आणि तुमची सगळी मेहनत वाया जाते.

फोनवर शोधणाऱ्यासाठी रोमन अक्षरांतलं एकच रूप ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा. ‘हातचा’ कुणी hatcha लिहील, कुणी haatcha, कुणी hatacha. तिने hatcha घेतलं, कारण नऊ मुलांना टाईप करायला सांगितल्यावर सहा जणांनी तसंच लिहिलं. नाव पक्कं करण्याआधी ते दुसऱ्या कुणाचं नाही ना, हे शोधून पाहावं. नोंदलेल्या व्यापारचिन्हांत पाहायचं असेल तर शिक्षणसेवा ४१व्या वर्गात येतात.

आता पहिल्या दिवसाबद्दल, कारण नाव तिथेच टिकतं किंवा मोडतं. मुलं नावामुळे काहीतरी मनात धरून येतात. पहिल्याच तासाला ‘कोण किती पाण्यात आहे ते पाहू’ म्हणून चाचणी घेतली, तर नावावरचा विश्वास त्याच दिवशी संपतो आणि परत येत नाही. पातळी कळायलाच हवी, पण ती नावातूनच काढता येते. तिने पहिल्या दिवशी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: दोन संख्यांची बेरीज करताना हातचा दोन कधी येतो?

पाचवीची मुलं लगेच संख्या घेऊन बसली, मोठमोठ्या, नवांनी भरलेल्या. ९९९ अधिक ९९९. येईना. कुणीतरी म्हणालं, येतच नसेल. मग का येत नसेल यावर सगळे बोलू लागले. एका घरात जास्तीत जास्त नऊ आणि नऊ, वर आधीचा हातचा एक, म्हणजे एकोणीस. वीस होतच नाहीत, मग हातचा दोन कुठून येणार? हे एका सहावीच्या मुलीने सांगितलं. मग तीन संख्या घेतल्या: नऊ, नऊ आणि नऊ सत्तावीस, हातचा दोन आला. आठवीच्या मुलांना पुढचं विचारलं, हातचा दहा यायला किती संख्यांची बेरीज करावी लागेल? त्यांनी मांडून पाहिलं. दहा संख्यांत एकम स्थानी नव्वद, हातचे नऊ. पुढच्या घरात नव्वद अधिक नऊ नव्याण्णव, म्हणजे पुन्हा नऊच. अकरा संख्या घेतल्या तर पहिल्या घरात नव्याण्णव, हातचे नऊ. दुसऱ्या घरात नव्याण्णव आणि नऊ एकशे आठ, आणि हातचे दहा. म्हणजे अकरा लागतात, आणि त्याही निदान दोन अंकी. मग त्यातल्याच एकाने सगळ्यांसाठी नियम काढला, की संख्या जितक्या तितक्यांतून एक कमी, एवढाच मोठ्यात मोठा हातचा.

त्या तासात तिला कळलं की कुणाची स्थानिक किंमत कच्ची आहे, कोण बेरीज बोटांवर करतं, कोणाला कारण मांडता येतं आणि कोणाला फक्त उत्तर सांगता येतं. एकाही मुलाला आपली परीक्षा झाली असं वाटलं नाही. तुम्ही कोणतंही नाव घ्या, पाटी रंगवायच्या आधी त्या नावातून असा एक प्रश्न निघतो का, ते तपासा. सगळ्यांत लहान मूल ज्याला लगेच हात घालू शकेल आणि सगळ्यांत मोठं मूल ज्यात अर्धा तास रमेल, असा. नसेल निघत, तर ते नाव फक्त पाटीवरच छान दिसेल.

नाव रुजलं का, हे पाहायला महिनाभर थांबा आणि मग कान द्या. मुलं घरी आणि आपसात ‘हातच्याला चाललो’ म्हणतात की ‘मॅथ्सला’? पालकांकडून हे सहज कळतं. अर्ध्याहून जास्त मुलं ‘क्लासला’, ‘ट्यूशनला’ म्हणत असतील, तर नाव चिकटलेलं नाही. मग लगेच नाव बदलायला धावू नका, आधी तास कसा चालला आहे ते पाहा. बहुतेक वेळा कारण तिथे असतं: दर आठवड्याच्या चाचण्या, गुणांची यादी भिंतीवर, चुकलेलं उदाहरण दहादा लिहायची शिक्षा. एका शिक्षकाने फार गोड नाव ठेवलं होतं आणि भिंतीवर गुणांच्या क्रमाने लावलेली मुलांची यादी. तिथली मुलं त्या गोड नावाने त्या भिंतीला ओळखू लागली होती. यादी काढल्यावरही नाव सावरलं नाही, शेवटी त्यांना तेच बदलावं लागलं.

तुमची चार नावं बाजूला ठेवा आणि ओळखीतल्या आठ-दहा मुलांना रविवारी तासभर बोलवा, निदान तीन आठवीची असू द्या. आधी नावं सांगू नका. त्यांना विचारा, गणित करताना तुम्ही मनातल्या मनात काय पुटपुटता? जे म्हणतील ते सगळं, जसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. तुमचं नाव मला त्या कागदावर सापडेल असं वाटतं. यादी तयार झाली की कळवा, मला ती वाचायला आवडेल.